व्हॉट्सॲपमधील जुना मेसेज कसा शोधावा, आणि तो असूनही का सापडत नाही

समजा, घरमालकाने दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पाठवलेला भाडेकरार आज हवा आहे. ज्याने पाठवला त्याचे नाव आठवत असेल, तर सर्व चॅटमध्ये शोधत बसण्याऐवजी त्याचेच चॅट उघडावे, वरच्या नावावर टॅप करावे आणि 'Media, links and docs' निवडावे. तिथे फोटो-व्हिडिओ, लिंक आणि कागदपत्रे वेगवेगळ्या टॅबमध्ये दिसतात. इथे एक गोष्ट हमखास चुकते: कराराचा फोटो जर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला असेल, तर तो फोटोंमध्ये दिसत नाही, कागदपत्रांमध्येच दिसतो. त्यामुळे दोन्ही टॅब पाहावेत.

पाठवणारा आठवत नसेल, तर चॅटच्या मुख्य यादीवरील शोधपट्टीवर टॅप करावे आणि Photos, Links, Documents यांपैकी एक प्रकार निवडून मग शब्द टाइप करावा. तारीख ठाऊक असेल, तर संबंधित चॅटमध्येच 'Search' उघडावे. शोधपट्टीजवळ कॅलेंडरचे चिन्ह येते, त्यातून जून महिन्यातील दिवस निवडला की चॅट त्या दिवसापाशी उघडते आणि पुढचे मेसेज क्रमाने वाचता येतात. मराठी मेसेजच्या बाबतीत मला हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो.

कारण शब्दाने केलेला शोध फक्त लिहिलेली अक्षरे जुळवतो, आणि तीही साधारणपणे शब्दाच्या सुरुवातीपासून. 'करार' असे शोधल्यास 'भाडेकरार' निसटू शकतो. 'भाडे' शोधल्यास 'भाड्याचा' निसटतो. म्हणून 'भाड' एवढेच टाइप करून पाहावे. घरमालकाने रोमन अक्षरांत bhadekarar लिहिले असेल, तर देवनागरीतील कोणताही शब्द त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. Bhade आणि agreement हेही वेगवेगळे शोधावे लागतात. करार नुसताच फोटो म्हणून आला असेल, तर कागदावरील मजकुरावरून तो सापडेल असे गृहीत धरू नये. सोबत ओळ लिहिलेली असेल तर तिच्यातील शब्द मात्र सापडतो.

मेसेज न सापडण्याचे दुसरे कारण ते कुठे साठवले आहेत याच्याशी निगडित आहे. संभाषण एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येणारे, असल्यामुळे शोध कंपनीच्या सर्व्हरवर नव्हे, तर तुमच्या उपकरणावर चालतो. जोडलेल्या संगणकावर बहुधा अलीकडचाच इतिहास येतो, म्हणून तिथे 'काही सापडले नाही' असे दिसले तरी तोच शोध फोनवर पुन्हा करावा. लॉक केलेली चॅट सर्वसाधारण शोधात येत नाहीत. ती आधी उघडावी लागतात. फोन बदलताना शेवटच्या बॅकअपनंतरचे मेसेज आले नसतील, किंवा त्या चॅटमध्ये २४ तास, ७ दिवस वा ९० दिवसांनी मेसेज नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर तुमच्या फोनवर शोधण्यासारखे काही उरलेलेच नसते. तारखेपाशी जाऊन आजूबाजूचे मेसेज दिसतात आणि तोच भाग रिकामा आहे, असे आढळले, तर घरमालकाला त्याच्या फोनवरून करार पुन्हा पाठवण्यास सांगावे.