मेन्यू कॉस्ट आणि चिकट किमती : हिशेबातल्या या चुका टाळा

पैसा तटस्थ असतो म्हणजे त्याचा पुरवठा बदलला की फक्त किमती बदलतात, उत्पादन नाही. अल्पकाळात तो तसा का नसतो, याचं उत्तर बहुतेक विद्यार्थी दोन ओळींत उरकतात. दर बदलायला खर्च येतो, म्हणून किमती चिकटून राहतात, म्हणून पैशाचा पुरवठा हलला की उत्पादनही हलतं. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण समोरच्याने विचारलं, "दरफलक रंगवायला हजार-दोन हजार लागतात, तेवढ्याने मंदी येते होय?" की बोलणं अडतं. हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर हिशेबात आहे आणि तो हिशेब करताना ठरलेल्या जागी चुका होतात.

पहिली चूक : छपाईचा खर्च थेट मंदीच्या आकाराशी तोलणं

आधी मेन्यू कॉस्ट म्हणजे नेमकं काय ते पाहू. छपाई हा त्याचा लहानसा भाग. नवा दर काय ठेवायचा याचा विचार, बिलिंगच्या मशीनमधले आकडे, डिलिव्हरी ॲपवरची यादी, गल्ल्यावरच्या माणसाला आणि वेटरना सांगणं, रोजच्या गिऱ्हाइकाची नाराजी झेलणं हे सगळं त्यात येतं. अमेरिकेतल्या पाच सुपरमार्केट साखळ्यांमध्ये हा खर्च प्रत्यक्ष मोजला गेला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो विक्रीच्या सुमारे ०.७ टक्के निघाला. आकडा छोटा वाटतो, पण त्या दुकानांच्या निव्वळ नफ्याच्या तुलनेत तो एक तृतीयांशाहून थोडा जास्त होता.

तरीही खरा मुद्दा हा खर्च मोठा की लहान, हा नाहीच. अर्थशास्त्रज्ञ ग्रेगरी मॅनक्यू यांनी १९८५ साली दाखवलं ते असं : दर न बदलल्याने मालकाचं होणारं नुकसान आणि समाजाचं होणारं नुकसान या दोन वेगळ्या मापाच्या गोष्टी आहेत. हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून गिरगावातलं एक काल्पनिक उपाहारगृह घेऊ.

मिसळीची प्लेट १०० रुपयांना आहे. पाव, फरसाण, गॅस, मजुरी धरून एका प्लेटमागे ६० रुपये खर्च येतो. रोज ७६ प्लेट जातात. म्हणजे दिवसाला ४० गुणिले ७६, असे ३,०४० रुपये सुटतात. हाच दर मालकाला सर्वांत फायद्याचा आहे असं धरू.

आता लोकांच्या हातातला पैसा ५ टक्क्यांनी घटला. पैसा तटस्थ असता तर सगळ्याच किमती ५ टक्क्यांनी उतरल्या असत्या. प्लेट ९५ ला, खर्च ५७ वर, विक्री तीच ७६. मालकाला २,८८८ रुपये सुटले असते. रुपयांत कमी दिसतात, पण बाजारात सगळंच ५ टक्क्यांनी स्वस्त झाल्यामुळे त्यांत पूर्वीइतकाच माल आला असता. कोणाचंच काही बिघडलं नसतं.

पण मालकाने बोर्डावरचे १०० तसेच ठेवले. या परिस्थितीत एका रुपयाच्या फरकाने दोन प्लेट इकडच्या तिकडे होतात असं धरलं, तर विक्री ७६ वरून ६६ वर येते. एका प्लेटमागे आता १०० वजा ५७, म्हणजे ४३ रुपये सुटतात. ४३ गुणिले ६६ म्हणजे २,८३८. मालकाचं नुकसान किती? दिवसाला फक्त ५० रुपये. दर बदलायला एकूण ३,००० रुपये लागणार असतील तर ते वसूल व्हायला ६० दिवस हवेत. महिन्याभरात धंदा पूर्ववत होईल असं त्याला वाटत असेल, तर दर न बदलणं हाच शहाणपणा आहे. त्यात आळस नाही की अज्ञानही नाही.

आता गल्ल्याच्या पलीकडे उभं राहून पाहा. त्या १० प्लेट ज्यांना मिळाल्या नाहीत, ते लोक प्लेटसाठी ९५ ते १०० रुपये मोजायला तयार होते आणि ती बनवायला ५७ लागत होते. प्रत्येक प्लेटमागे सरासरी ४०.५० रुपयांचं मूल्य जन्मालाच आलं नाही. दहा प्लेटचे झाले ४०५ रुपये रोजचे. त्यातले ५० मालकाने सोसले, उरलेले ३५५ गिऱ्हाइकांच्या अंगावर पडले. ६० दिवसांत समाजाचे २४,३०० रुपये गेले आणि वाचले मालकाचे ३,०००. विक्रीतली घट तर १३ टक्क्यांहून जास्त. समोरच्याच्या रास्त प्रश्नाचं उत्तर हे आहे.

दोन नुकसानांत इतकी तफावत का पडते, तेही इथेच कळतं. दर मालकाच्या सर्वोत्तम दराजवळ असेल तर तिथे नफ्याची रेघ जवळजवळ सपाट असते. दर अडीच रुपयांनीच चुकला, म्हणजे ९७.५० वर राहिला असता, तर मालकाचं नुकसान रोज साडेबारा रुपये झालं असतं. चूक निम्मी, नुकसान पाव. पण विक्री १० ऐवजी ५ प्लेटनी घटली असती, म्हणजे चूक निम्मी तर घटही निम्मीच. मालकाचा तोटा वर्गाने वाढतो, उत्पादनातली घट सरळ प्रमाणात. म्हणून लहान धक्क्याला मालक ढिम्म राहतो आणि उत्पादन मात्र हलतं.

एक अट विसरू नका. हे सगळं दर खर्चापेक्षा वर असेल तरच लागू पडतं. पूर्ण स्पर्धेच्या बाजारात, जिथे विक्रेता स्वतः दर ठरवतच नाही, तिथे मेन्यू कॉस्टची गोष्ट उभीच राहत नाही. उत्तरात मक्तेदारीयुक्त स्पर्धेचा, म्हणजे विक्रेते अनेक पण प्रत्येक जण आपला दर स्वतः ठरवतो अशा बाजाराचा, उल्लेख नसेल तर उत्तर अपुरं समजा.

दुसरी चूक : एकाच दुकानाचा हिशेब करून थांबणं

वरच्या उदाहरणात मी एक गोष्ट गृहीत धरली : प्लेटचा खर्च ६० वरून ५७ वर आला. पण तो खर्च म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी किंमतच. बेकरीवाल्याने पावाचा दर उतरवला नाही, फरसाणवाल्याने उतरवला नाही, आचाऱ्याचा पगार तोच राहिला, तर खर्च ६० वरच अडकतो.

पुन्हा आकडे मांडू. खर्च ६० असताना मालकाला सर्वोत्तम दर आता ९५ नव्हे, ९६.५० पडतो. त्या दराला ७३ प्लेट जातील, सुटतील २,६६४.५० रुपये. १०० वरच राहिला तर ६६ प्लेट आणि २,६४० रुपये. न बदलण्याचा तोटा आता रोज अवघा साडेचोवीस रुपये, आधीच्या निम्म्याहून कमी. तीन हजार वसूल व्हायला चार महिने लागतील.

म्हणजे बाकीचे थांबले की मालकही थांबतो, आणि तो थांबला म्हणून बेकरीवाल्याचंही थांबणं रास्त ठरतं. लॉरेन्स बॉल आणि डेव्हिड रोमर यांनी १९९० साली यावरच बोट ठेवलं. नुसती मेन्यू कॉस्ट मोठा परिणाम घडवायला बहुधा कमी पडते. तिला अशा परस्परांत अडकलेल्या खर्चांची जोड मिळाली की तीच छोटी अडचण महिनोनमहिने टिकते. माझ्या मते या विषयातला सर्वांत कमी समजलेला भाग हाच आहे, आणि परीक्षेच्या उत्तरांतून तो सर्रास गळतो.

तिसरी चूक : दिसेल ती न हललेली किंमत उदाहरण म्हणून देणं

मुंबईचे विद्यार्थी हमखास रिक्षाचं भाडं सांगतात. किमान भाडं १ मार्च २०२१ ला १८ वरून २१ रुपये झालं, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ आणि १ फेब्रुवारी २०२५ ला २६. मध्ये वर्षं गेली, शिवाय दर बदलला की हजारो मीटर नव्याने जुळवून घ्यावे लागतात. हे उदाहरण मोहात पाडतं खरं. पण भाडं रिक्षावाला ठरवत नाही, परिवहन प्राधिकरण ठरवतं. किंमत चिकट आहे हे बरोबर, मात्र चिकटण्याचं कारण नियमन आहे. मीटर जुळवण्याचा खर्च खरा असला तरी तो निर्णय झाल्यानंतरचा आहे.

उदाहरण तपासायला दोन प्रश्न पुरतात. हा दर आज बदलायचा असेल तर कोणाची परवानगी लागते? आणि बदलला नाही तर नुकसान कोणाच्या गल्ल्यातून जातं? दोन्हींचं उत्तर "दुकानदार" असेल तरच ते मेन्यू कॉस्टचं उदाहरण. दादरच्या बाजारातली कोथिंबीर सकाळी एका भावाने आणि संध्याकाळी दुसऱ्या भावाने जाते, ती दुसऱ्या टोकाला. आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतलात तर वजनही बघा. छापील किंमत जागच्या जागी ठेवून वजन घटवलं तर ग्रॅममागचा दर बदललेलाच असतो.

नोटाबंदीचं उदाहरण देताना हीच काळजी घ्या. ८ नोव्हेंबर २०१६ ला चलनातल्या मूल्याने सुमारे ८६ टक्के नोटा बाद झाल्या. गीता गोपीनाथ आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करून २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या तिमाहीतली आर्थिक वाढ किमान २ टक्के अंकांनी घटल्याचा अंदाज आहे. पैसा अल्पकाळात तटस्थ नसतो याचा हा भक्कम पुरावा आहे. पण तो मेन्यू कॉस्टचा पुरावा नव्हे. तिथे व्यवहार करायलाच नोटा नव्हत्या, आणि मजुरीही एकदम उतरत नाही. तटस्थतेला तडा जातो हे एक विधान, कशामुळे जातो हे दुसरं.

चौथी चूक : किती किमती बदलल्या तेवढंच मोजणं

महिन्यात दहातल्या दोनच दुकानांनी दर बदलले, म्हणजे किमती फार चिकट, असा निष्कर्ष घाईचा आहे. अँड्र्यू कॅप्लिन आणि डॅनियल स्पुल्बर यांनी १९८७ साली असं एक प्रारूप मांडलं, ज्यात प्रत्येक दुकानाला मेन्यू कॉस्ट आहे, कोणत्याही क्षणी थोडीच दुकानं दर बदलतात आणि तरीही पैसा तटस्थच राहतो. कारण बदलतात ती दुकानं, ज्यांचा दर सर्वांत जास्त मागे पडलेला असतो, आणि ती मोठी उडी घेतात. थोड्यांच्या मोठ्या उड्यांनी सरासरी पुरेशी सरकते. म्हणून किती जणांनी बदलले यासोबत कोणी बदलले आणि कितीने, हे विचारायलाच हवं. त्या प्रारूपाच्या अटी कडक आहेत, उदाहरणार्थ पैसा सतत वाढतच राहिला पाहिजे. प्रत्यक्षात त्या पूर्ण जुळत नाहीत, त्यामुळे तटस्थता पूर्ण टिकत नाही.

पाचवी चूक : मुदत न सांगणं

"पैशाने उत्पादन वाढतं" हे अर्धं वाक्य आहे. आपल्या मालकाचं रोजचं ५० रुपयांचं नुकसान साचत जातं आणि ६० दिवसांनंतर तीन हजारांच्या पुढे जातं. पैशातली घट कायमची आहे हे त्याला कळलं, तर तो बोर्ड आधीच बदलेल. बेकरीवालाही त्याच गणिताने पाव स्वस्त करेल. मग प्लेट ९५ ला, खर्च ५७ वर आणि विक्री पुन्हा ७६. धक्का जितका मोठा, तितकी ही मुदत आखूड, कारण मालकाचा तोटा वर्गाने वाढतो : दर ५ ऐवजी १० रुपयांनी चुकला तर रोजचं नुकसान सुमारे चौपट होतं आणि तीन हजार दोन महिन्यांऐवजी पंधरा दिवसांत वसूल होतात. म्हणूनच महागाई भडकलेल्या देशांत दरफलक रोज बदलतात आणि तिथे पैसा छापून उत्पादन हलवणं जवळजवळ अशक्य होतं.