अंड्याला माशाचा वास येतो? दोष शोधताना या चुका टाळा

उकडलेलं अंडं सोललं आणि मासळीसारखा वशट वास आला, की बहुतेक जण दोन गोष्टी करतात: फ्रिज धुऊन काढतात, नाहीतर अंडं शिळं होतं असं ठरवून टाकतात. दोन्ही वेळा खरं कारण हातातून निसटतं. ताज्या, नीट ठेवलेल्या अंड्यालाही हा वास येऊ शकतो, आणि तो बहुधा अंडं घातलं जाण्याआधीच त्यात आलेला असतो.

पहिली चूक: वशट आणि सडका वास एकच समजणं

सडलेल्या अंड्याचा वास गंधकाचा असतो. हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो आणि अंडं फोडताक्षणी नाकात जातो. माशाच्या वासामागे सहसा ट्रायमिथाइलअमाइन नावाचं वेगळंच संयुग असतं. बाजारातल्या जुन्या मासळीला जो वास येतो, तो मुख्यतः याचाच. हे संयुग बलकात साठतं, पांढऱ्यात फारसं नाही. अंडं गरम केलं की ते उडतं, म्हणून कच्च्या अंड्यात न जाणवलेला वास कढईत अचानक जाणवतो. एरवी चांगलं असलेलं असं अंडं खाण्याने अपाय होत नाही, ते नकोसं वाटतं एवढंच. पण पांढरा हिरवट किंवा बुळबुळीत झाला असेल, किंवा आत बुरशी दिसली, तर वास कोणताही असो, अंडं टाकून द्या. काही जिवाणूंनी नासवलेल्या अंड्यालाही माशासारखा वास येतो.

दुसरी चूक: साठवणीवर आधी संशय घेणं

साठवणीत अंड्याला वास लागतो हे खोटं नाही. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि बलकातली चरबी वास धरून ठेवते. उघडी अंडी कित्येक दिवस मासळी, चिरलेला कांदा किंवा रॉकेलजवळ ठेवली तर तो वास आत उतरतो. धुतलेल्या अंड्यावरचा नैसर्गिक लेप निघून गेलेला असल्याने ती जास्त पटकन वास घेतात.

पण साठवणीचा दोष ओळखता येतो. एकत्र ठेवलेल्या जवळजवळ सगळ्या अंड्यांना तो कमी-अधिक लागतो, आणि अंडं जितके दिवस तिथे राहिलं तितका वाढतो. एका ट्रेमधली नऊ अंडी चांगली आणि एकच वशट निघालं, तर फ्रिजला दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी कोंबडीकडे वळावं.

तिसरी चूक: फक्त खाद्याला दोष देणं

इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण खाद्य आणि कोंबडी दोघांचा हात लागल्याशिवाय हे घडत नाही.

खाद्यातल्या कोलीन नावाच्या पोषकद्रव्यापासून कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. मोहरीवर्गातल्या रेपसीड पेंडीत सिनापिन नावाचं संयुग असतं, त्यातूनही तेच तयार होतं. मासळीच्या भुकटीतून तर ते आणखी सहज मिळतं. बहुतेक कोंबड्यांना याने काही होत नाही. त्यांच्या यकृतातलं एफएमओ३ हे विकर या संयुगाचं रूपांतर बिनवासाच्या संयुगात करतं आणि ते शरीराबाहेर पडतं. काही कोंबड्यांत मात्र हे विकर बनवणाऱ्या जनुकातच बदल असतो. त्यांचं यकृत हे काम पुरेसं करू शकत नाही, आणि उरलेलं ट्रायमिथाइलअमाइन रक्तातून वाढत्या बलकात जाऊन बसतं. 2005 मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी हा बदल नेमका दाखवून दिला. तो तपकिरी अंडी देणाऱ्या काही वाणांत आढळतो. कवचाच्या रंगाचा वासाशी थेट संबंध नाही. तपकिरी अंडं म्हणजे वशट अंडं, असं अजिबात नाही.

रेपसीड पेंड दुहेरी त्रास देते. एकीकडे ती कच्चा माल पुरवते, आणि दुसरीकडे तिच्यातले काही घटक त्याच विकराचं काम मंदावतात. पण जनुकातला बदल सगळ्या कोंबड्यांत नसतो, म्हणून एकच खाद्य खाणाऱ्या कळपात एखाद्याच कोंबडीची अंडी वास मारतात.

याला एक अपवाद आहे. माशाचं तेल किंवा भरपूर जवस खाऊ घातलं, तर कोणत्याही कोंबडीच्या अंड्याला मासळीची किंवा रंगाच्या डब्यासारखी चव येऊ शकते. तिथे कारण जनुक नसून बलकात उतरलेली आणि हवेने खवट झालेली ओमेगा-३ चरबी असते. जुनं, खवट जवस दिलं तर हे आणखी लवकर होतं.

एक उदाहरण

समजा, तुमच्याकडे आठ कोंबड्या आहेत. दोन महिन्यांपूर्वी खाद्य बदललं, आणि आता आठवड्यातून चार-पाच अंडी वशट निघतात. आधी त्याच दिवशीची अंडी थेट खुराड्यातून आणा आणि फ्रिजमध्ये न ठेवता उकडा. वास आला, तर साठवण सुटली. पुढे एकेक कोंबडी दिवसभर वेगळी ठेवा आणि मिळालेल्या अंड्यावर पेन्सिलीने तिची खूण करा. एखादीने त्या दिवशी अंडं दिलं नाही, तर तिला दुसऱ्या दिवशीही ठेवा. प्रत्येक कोंबडीची दोन-तीन अंडी तपासा, कारण एकाच अंड्यावरून निकाल लावणं धोक्याचं. अंडं उकडून बलक वेगळा काढा, गरम असतानाच कुस्करा आणि हुंगा. शक्य असेल तर कोणत्या कोंबडीचं अंडं आहे हे माहीत नसलेल्या माणसाला हुंगायला द्या.

एकाच तपकिरी कोंबडीची सगळी अंडी वशट आणि बाकी सातांची चांगली निघाली, तर जनुकाची शक्यता खूप मोठी. सगळ्यांचीच वशट असतील, तर नव्या खाद्यात माशाचं तेल, मासळीची भुकटी किंवा जवस किती आहे ते पाहा. स्वयंपाकघरातल्या मासळीची डोकी आणि आतडी खुराड्यात टाकली जात असतील तर तीही मोजा.

चौथी चूक: खाद्य बदलून दोन दिवसांत निकाल मागणं

बलकाची मुख्य वाढ अंडं घातलं जाण्याआधीच्या साधारण दहा दिवसांत होते. आज खाद्य बदललं, तरी अंडाशयात अर्धवट भरलेले बलक आधीच्या खाद्यावर वाढलेले असतात. म्हणून किमान दोन आठवडे थांबा. त्या काळात दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. कोलीन पूर्ण बंद करण्याचा प्रयत्नही करू नका; ते कोंबडीला लागतंच, आणि सोयाबीनसारख्या साध्या खाद्यातही असतं. आधी रेपसीड पेंड आणि मासळीचे पदार्थ काढा.

दोषी कोंबडी सापडली की तिच्यासाठी खाद्य बदलून पाहा, पण पिल्लं काढायला तिची अंडी वापरू नका. अशा कोंबडीत सहसा बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणून तिच्या प्रत्येक पिल्लाकडे एक जातेच. कोंबड्यात हा दोष असला तरी तो अंडी देत नसल्याने नजरेस येत नाही, आणि पुढच्या पिढीतल्या तलंगा अंड्यावर आल्यावरच तो उघड होतो. म्हणून तिच्याच पोटचा कोंबडा कळपात पैदाशीला ठेवणं टाळा.