स्क्रब टायफस: रिपोर्टची वाट पाहू नका, आधी खपली शोधा

गवत कापायला जाणारी एक चाळिशीतली बाई सहाव्या दिवशी तापाने फणफणत आमच्याकडे दाखल झाली. डोकं ठणकत होतं, प्लेटलेट ऐंशी हजारांवर आल्या होत्या, मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही निगेटिव्ह होते. तीन दिवस सेफ्ट्रायॅक्सोन देऊनही ताप १०३च्या खाली आला नाही. मग कपडे बदलताना नर्सला कमरेच्या नाडीखाली एक काळी खपली दिसली, विडी टेकवून चटका दिल्यासारखी, कडेला लालसर. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाईने ती सांगितलीच नव्हती.

पहिली चूक आमचीच: आम्ही अंग नीट पाहिलं नाही. स्क्रब टायफस पसरवणाऱ्या माइट या बारीक जीवाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं गवत-झुडपांतून अंगावर चढतात आणि कपडा घट्ट बसतो तिथे चावतात. त्यामुळे चावलेल्या जागी धरलेली खपली जांघेत, काखेत, स्तनाखाली किंवा कानामागे लपलेली असते. ‘कुठे काही चावलं का?’ एवढं विचारून भागत नाही. अर्थात, खपली नाही म्हणजे आजार नाही असंही नाही. बऱ्याच रुग्णांत ती नसतेच.

दुसरी चूक अँटिबायोटिक निवडण्यातली. स्क्रब टायफसचा जंतू आपल्या पेशींच्या आत राहून वाढतो. सेफ्ट्रायॅक्सोनचा तिथे उपयोग होत नाही, डॉक्सीसायक्लीन मात्र आत शिरून त्याची प्रथिनं बनणंच थांबवतं. बाईला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने स्वतःहून भाकरी मागितली. कोर्स सात दिवसांचा केला.

रक्तातली आयजीएम तपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायलाच वेळ लागतो. म्हणून दाट संशय असेल तर नमुना घ्यावा आणि औषध त्याच दिवशी सुरू करावं. गोचीड किंवा उवांमुळे होणाऱ्या, याच गटातल्या रिकेट्सियल तापांनाही हेच औषध लागतं. उवांच्या टायफसमध्ये खपली मात्र शोधूनही सापडत नाही.

औषध सुरू केल्यावर ताप बहुधा ४८ तासांत उतरू लागतो. ७२ तासांनंतरही तसाच असेल तर ‘जंतू दाद देत नाही’ म्हणण्याआधी गोळी कशी घेतली ते विचारा. दूध, लोहाच्या गोळ्या किंवा अँटासिडबरोबर घेतली की ती नीट शोषली जात नाही. हे सगळं ठीक असेल तर निदान पुन्हा तपासा. टायफॉइड, लेप्टोस्पायरोसिस किंवा दोन आजार एकत्रही असू शकतात.

गरोदरपणात ॲझिथ्रोमायसिन देतात. धाप लागत असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल तर गोळ्यांवर वेळ घालवू नये; शिरेतून औषध देता येईल अशा रुग्णालयात लगेच हलवावं. गंभीर रुग्णांत डॉक्सीसायक्लीन आणि ॲझिथ्रोमायसिन शिरेतून एकत्र दिलेलं एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरतं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या चाचणीत दिसलं.

डॉक्सीसायक्लीनची गोळी मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेला चिकटून जखम करते.