इंग्रजीत नावाआधी दोन-तीन विशेषणं आली की कोणतं आधी टाकायचं?

समजा नागपुरात महाल भागातल्या घरातलं जुनं सागवानी टेबल विकायचं आहे अन् ऑनलाइन जाहिरात इंग्रजीत टाकायची आहे. मराठीत 'जुनं सुंदर लाकडी टेबल' म्हणा का 'सुंदर जुनं' म्हणा, कोणाला फारसं खटकत नाही, पण इंग्रजीत 'वुडन ओल्ड लव्हली टेबल' लिहिलं की वाचणारा अडकतोच.

साधं बघायचं, जो गुण वस्तूत पक्का बसलेला तो नावाला चिकटून, अन् जे नुसतं आपलं मत ते सगळ्यात लांब. वुडन म्हणजे ते कशाचं बनलंय, त्यात वाद नाही. ओल्ड म्हणजे वय, ते थोडं सापेक्ष. अन् लव्हली तर फक्त तुम्हालाच वाटतं, शेजारी त्यालाच भंगार म्हणेल! म्हणून 'अ लव्हली ओल्ड वुडन टेबल'.

मोठं आहे हेही सांगायचं तर बिग हे ओल्डच्या आधी, रंग सांगायचा तर ब्राउन हे ओल्ड अन् वुडनच्या मधात. जेवायचं असेल तर डायनिंग एकदम टेबलला खेटून, त्याच्या मधात वुडनही घुसत नाही.

कॉमा कधी? दोन शब्दांमधात 'ॲन्ड' टाकून नीट वाटलं तर कॉमा चालतो, जसं 'लव्हली, एलिगंट टेबल', दोन्ही मतंच आहेत ना. 'ओल्ड ॲन्ड वुडन टेबल' विचित्र वाटतं, मग तिथं कॉमा नको.

क्रम मोडतो तो मुद्दाम जोर द्यायचा असला तेव्हा: दोन जुनी टेबलं आहेत, एक लोखंडी, एक लाकडी, तर बोलताना 'द वुडन ओल्ड टेबल' चालून जातं.