व्हिडिओ जाहिरात थकली की नाही हे ठरवताना या चुका टाळा

इंदूरला आमच्या शेजारच्या काकू घरगुती फराळ विकतात. त्यांची चकलीची व्हिडिओ जाहिरात मी फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालवते. तिसऱ्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "अगं, फोन येईनासे झालेत. व्हिडिओच बदलून टाक." पण जाहिरात खरंच थकली आहे का, म्हणजे तीच ती बघून लोक कंटाळलेत का, हे आकड्यांत नीट पाहिल्याशिवाय बदलायला हात लावायचा नाही.

पहिली चूक सुरुवातीपासूनची एकूण फ्रीक्वेन्सी बघण्याची. जाहिरात जितकी वेळा दिसली त्याला किती माणसांना दिसली याने भागलं की फ्रीक्वेन्सी येते. एकूण कालावधीत तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे हा आकडा बहुधा चढताच दिसतो. Ads Manager मधल्या Breakdown मध्ये Week निवडा आणि आठवड्याशी आठवडा ताडून बघा.

पहिल्या आठवड्यात आमची जाहिरात २८,००० जणांना ४२,००० वेळा दिसली, म्हणजे फ्रीक्वेन्सी १.५. क्लिक ६३०, म्हणजे दीड टक्का. तिसऱ्या आठवड्यात ती ४५,००० वेळा दिसली, पण माणसं १४,५०० च. फ्रीक्वेन्सी ३.१, क्लिक ३६०, म्हणजे ०.८ टक्के. खर्च दर आठवड्याला ४,२०० रुपयेच होता, त्यामुळे एक क्लिक ६.७० वरून ११.७० रुपयांवर गेला. एकाच शहरातली मर्यादित माणसं. ज्यांना क्लिक करायचं होतं त्यांनी केलं, आता उरलेल्यांना तेच तेच दिसत होतं.

दुसरी चूक एकाच आकड्यावर निकाल देण्याची. फ्रीक्वेन्सी ३ झाली पण क्लिकचा दर टिकून आहे, तर जाहिरात चालू द्या. दर पडला पण फ्रीक्वेन्सी हललीच नाही, तर दोष थकव्याचा नाही. किंमत, मागणी किंवा ऑर्डरचं पान तपासा. मी दोन्ही आकडे सलग दोन आठवडे उलट्या दिशेने गेले आणि क्लिकचा खर्च पहिल्या आठवड्याच्या दीडपट झाला, की बदलते. ही माझी रेघ आहे. प्रत्येकाने आपल्याच पहिल्या आठवड्यावरून आपली आखावी.

सगळ्यात महाग चूक म्हणजे अख्खा व्हिडिओ फेकून देणं. 3-second video plays हा आकडा काढा. आमच्याकडे आधी दर १०० वेळा दिसल्यावर ३० वेळा व्हिडिओ तीन सेकंद पाहिला जायचा, नंतर १८ वेळाच. मात्र तशा दर शंभर वेळांमागे क्लिक आधी ५ होते, नंतर ४.४. म्हणजे थांबून बघणाऱ्याला चकली अजून हवी होती. लोक थांबतच नव्हते. शिळी झाली होती फक्त सुरुवात, ज्यात काकू हात जोडून नमस्कार करतात. तिथे आम्ही सोऱ्यातून तेलात पडणारी चकली आणि तिचा चर्र आवाज घातला, पुढचं सगळं तसंच ठेवलं.

हा बदल जुन्या जाहिरातीतच करू नका. तिच्यावरच्या लाइक आणि कमेंट नव्या रूपात सोबत येत नाहीत. नवी जाहिरात वेगळी टाका. त्यानंतर ती कोणाला दाखवायची हे फेसबुकची यंत्रणा पुन्हा शिकायला लागते, म्हणून पहिले काही दिवस आकडे वरखाली होतात. तेवढ्यात घाबरून पुन्हा काही बदललंत, तर ते शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.