गंजीची सावली: रंग फोडा, टोन फोडू नका

इम्प्रेशनिस्टांसारखं चित्र करायचं तर शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी टाका, मिसळायचं काम डोळा करतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. ते आधी डोक्यातून काढून टाका. ठिपक्यांची शिस्त जॉर्ज स्यूराची, आणि तिचा मोठा गाजावाजा झाला तो इम्प्रेशनिस्टांच्या १८८६ च्या प्रदर्शनात. इम्प्रेशनिस्टांतला क्लोद मोने मात्र पॅलेटवर रंग बिनदिक्कत मिसळायचा. तुटक असायचे ते त्याचे फटकारे.

सरावासाठी मी नेहमी त्याच्या गंज्यांची मालिका सुचवतो. फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात त्याच्या घराला लागून शेत होतं, त्यात गव्हाच्या पेंढ्या रचलेल्या गंज्या उभ्या राहायच्या. १८९० च्या उन्हाळ्याअखेरीपासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याने त्यांची सुमारे २५ चित्रं केली. एक गंजी, एक शेत, मागे झाडांची आणि टेकड्यांची रेघ. आकारात डोकं घालवायला काहीच नाही, त्यामुळे सगळं लक्ष उजेडावर राहतं. आपल्याकडे कडब्याची गंजी चालेल. तीही नसेल तर भिंतीला टेकवलेलं पोतं घ्या, पण त्यावर तिरकं ऊन हवं.

रंग सहाच घ्या: पांढरा, कॅडमियम यलो, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमझन, कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन. मोनेची नंतरच्या काळातली पॅलेट जवळपास अशीच होती. फक्त त्याच्याकडे शिशाचा पांढरा आणि व्हर्मिलियन होते, जे विषारी असल्यामुळे आपण टाळायचे. काळा नको. ब्रश हॉग हेअरचे, चपटे, दोन-तीन मापांचे.

वेळ दुपारी चारनंतरची. रेखाटनाला पाच मिनिटं पुरतात. सावलीची कड कुठे आहे ते आधी आखून ठेवा आणि मग ती हलली तरी तिच्या मागे धावू नका. त्यानंतर पातळ रंगात तीन मोठे भाग भरा: आकाश, उजेडातली जमीन आणि सावली. गंजीची अंधारी बाजूही सावलीतच धरा. हा थर वाळू द्या. ऑइल असेल तर दोन दिवस, अॅक्रिलिक असेल तर चहा होईपर्यंत.

आता अवघड टप्पा. इथे माझी तीन वर्षं गेली.

सावली काळी किंवा करडी नसते, हे मला पुस्तकी माहीत होतं. कारण साधं आहे. थेट ऊन अडलं तरी आकाशाचा निळा उजेड सावलीत येतच असतो. शिवाय शेजारचं पिवळं ऊन सावलीला जांभळ्याकडे ढकलतं. ही दुसरी गोष्ट शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. तो पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार यायची. त्याने तपासलं तर रंगाईत खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांचे रंग त्या काळ्याला मारत होते. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो: पिवळा जांभळ्याची, नारिंगी निळ्याची, तांबडा हिरव्याची.

एवढं वाचून मी सावलीत निळा, जांभळा, हिरवा, मध्येच नारिंगी असे उत्साहाने फटकारे मारले. गंजी गोवर उठल्यासारखी दिसायला लागली. मग ते ठिपके ब्रशने चोळून शांत करायला गेलो आणि चिखल झाला. दर वेळी हेच. शिकवणाऱ्याने ‘रंग अजून धीट लावा’ म्हणून सांगितलं, आणि गोवर वाढला.

चूक रंगांत नव्हती, टोनमध्ये होती. टोन म्हणजे रंग बाजूला ठेवून उरलेला उजळपणा-गडदपणा. ट्यूबमधला कोबाल्ट गडद असतो आणि नारिंगी कितीतरी उजळ. दोन्ही एकाच सावलीत टाकले की उजळ फटकारा तिथे भोक पाडतो आणि ती जागा सावलीतून बाहेर येते. मोनेच्या गंजीची अंधारी बाजू जवळून पाहिली तर तीत लालसर, जांभळे, निळे, हिरवट फटकारे एकमेकांवर चढलेले दिसतात. तरी चार पावलं मागे गेलं की ती बाजू एकसंध सावलीच राहते. रंग बदलतो, टोन फार हलत नाही.

म्हणून कॅनव्हासला हात लावण्याआधी पॅलेटवर तीन ढिगल्या करा. पहिली कोबाल्ट, थोडा अलिझरिन आणि पांढरा: निळसर जांभळी. दुसरी अलिझरिन, चिमूटभर पिवळा आणि पांढरा: विटकरीकडे झुकणारी. तिसरी व्हिरिडियन, थोडा अलिझरिन आणि पांढरा: हिरवट करडी. आता डोळे किलकिले करून तिन्हींकडे पाहा. एखादी वेगळी उठून दिसत असेल तर तिच्यात पांढरा घाला किंवा तिचाच गडद रंग वाढवा. खात्री नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. तिन्ही ढिगल्या जवळजवळ एकच करडा दिसेपर्यंत ब्रश उचलायचा नाही. मी आजही यात पंधरा मिनिटं घालवतो. अॅक्रिलिकवाल्यांनी वाळलेला नमुना तपासावा, कारण तो रंग वाळल्यावर किंचित गडद होतो.

मग फटकारे. एका वेळी ब्रशवर एकच ढिगली. टेकवा, ओढा, उचला. त्याच जागी दुसऱ्यांदा फिरवलात की खालचा ओला रंग वर येतो आणि चिखलाची सुरुवात तिथेच होते. मधे मधे खालचा वाळलेला थर दिसत राहू द्या. जमिनीवरच्या सावलीत फटकारे आडवे, गंजीवर पेंढ्यांच्या उताराने. वरच्या भागात निळी ढिगली जास्त, जमिनीलगत विटकरी जास्त, कारण तिथे उन्हाने तापलेल्या मातीचा उजेड उलटून येतो.

उजेडातल्या भागालाही हाच नियम, फक्त ढिगल्या पिवळ्या, गुलाबी आणि फिक्या हिरव्या. सगळ्यात उजळ फटकारा गंजीच्या उन्हाकडच्या कडेवर, सावलीला खेटून, आणि तो शेवटी.

राहिला बदलता उजेड. मोनेला आधी वाटलं होतं की दोन कॅनव्हास पुरतील, एक उन्हाचा आणि एक ढगाळ दिवसाचा. पण उजेड सरकत गेला आणि सावत्र मुलीला घरी धाडून तो एकेक नवा कॅनव्हास मागवत राहिला, अशी हकीकत त्यानेच पुढे सांगितली. उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, आणि तोच उजेड दुसऱ्या दिवशी आला की जुना पुन्हा काढायचा. ‘सगळं जागेवर, एका बैठकीत’ ही दंतकथा आहे. या चित्रांवर त्याने स्टुडिओतही भरपूर काम केलं.

आपल्याकडे घाई जास्त करावी लागते. जिव्हर्नीत डिसेंबरचा सूर्य भर दुपारीही २० अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे तिरपं ऊन तास न् तास मिळतं. पुण्यात तो त्याच दिवसांत ४८ अंशांपर्यंत जातो, आणि संध्याकाळी झपाट्याने उतरतो. मी एका कॅनव्हासला अर्धा तास धरतो. सावलीची कड आखलेल्या रेषेपासून हातभर सरकली की ब्रश खाली, आणि दुसऱ्या दिवशी ढिगल्या तयार करूनच त्याच वेळेला हजर.