सरासरी घनता पास, तरी बुश तडकतो

डिप्लोमा करून जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत पावडर मेटलर्जीच्या कामाला लागलेल्या पोरांचा बहुधा समज असतो, की खरं काम भट्टीच करते. 1120 अंशांच्या आसपास लोखंडाचे कण एकमेकांना जुळतात, हे खरंच. पण लोखंड-तांबे-कार्बनच्या नेहमीच्या मिश्रणात सिंटरिंगनंतर घनता फारशी वाढत नाही, तांब्यामुळे तुकडा कधी किंचित फुगतोही. घनता मिळवायची ती प्रेसवरच.

आमच्याकडे एक उंच, पातळ भिंतीचा बुश हाऊसिंगमध्ये दाबून बसवताना तडकायचा, आणि तोही नेहमी एकाच टोकाला. सरासरी घनता 6.8, म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे बरोबर. सगळ्यांचा संशय भट्टीवर. फोरमन म्हणाले, "भाऊ, भट्टीचं नंतर पाहू, आधी बुश आडवा काप."

तीन चकत्या केल्या. वरची 7.0, मधली 6.8, खालची 6.6. दाब फक्त वरच्या पंचाने येत होता. पावडर पाण्यासारखी दाब सगळीकडे सारखा पोचवत नाही. साच्याच्या भिंतीशी घर्षण होऊन तो खाली जाता जाता कमी होत जातो.

चकतीची घनता मोजताना एक गोम आहे. कोरडी 20.40 ग्रॅमची चकती थेट पाण्यात तोलली तर उघड्या छिद्रांत पाणी शिरतं, आकारमान कमी भरतं आणि घनता 7.2-7.3 अशी फसवी येते. म्हणून आधी व्हॅक्यूममध्ये तेल भरायचं. तेलासह हवेत 20.70 आणि पाण्यात 17.70, म्हणजे आकारमान 3.00 घन सेंटिमीटर. त्याने कोरडं वजन भागलं की 6.80. मे महिन्यात आपल्याकडे टाकीतलं पाणी सहज 35 अंशांवर जातं. त्याची घनता 0.994 धरली नाही, तर उत्तर 0.04 ने जास्त येतं.

अखंड लोखंड 7.87 चं. म्हणजे 6.8 ला साधारण 14 टक्के पोकळी, 6.6 ला 16. दोन टक्क्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण भार पेलतात ते छिद्रांमधले धातूचे अरुंद सांधे. ताण तिथेच एकवटतो, तेवढाच भाग ताणला जातो आणि बाकीचा तुकडा ताणला जाण्याआधीच चीर धावते. म्हणून छिद्रांचा फटका ताकदीपेक्षा लवचीकपणाला जास्त बसतो. साध्या सिंटर केलेल्या लोखंडाची घनता 6.1 वरून 7.3 वर नेली तर ताकद साधारण दुप्पट होते, तुटण्याआधीची लांबण मात्र चार-पाच पट. दाबून बसवताना बुशला न तडकता थोडा आकार बदलावाच लागतो, आणि खालच्या टोकात नेमका तोच लवचीकपणा उरलेला नव्हता.

नुसता दाब वाढवून भागत नाही: पंचावर भार येतो, आणि मिश्रणातलं स्टीअरेट वंगणही जागा अडवून बसतं. आम्ही साचा तरता केला, म्हणजे दाब देताना तोही खाली सरकतो आणि खालच्या पंचाचा दाबही लागू होतो. कमी घनतेचा पट्टा टोकाकडून मधे आला. तो नाहीसा होत नाही, त्यामुळे चकत्या अजूनही कापतो, फक्त आता आधी मधली तोलतो.